सत्कार कुठं ठेवलाय?

टिळकवाडी, बेळगाव
१२ ऑक्टोबर

चि. मृदुलास, अनेक आशीर्वाद.

कन्सल्टन्सीच्या कामासाठी तू तयार करून दिलेला माझा परिचय मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. तासाभरात त्याचा फोन, "साहेब, सत्कार कुठं ठेवलाय?" तुझी आई अजून हसतेय. चूक तुझी नव्हे. निरोप समारंभाच्या वेळी छापलेला मजकूर मीच तुला दिला होता. त्यात छत्तीस वर्षं होती, पदं होती, शाल-श्रीफळही होतं. मी आता काय करतो, एवढंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आणखी दोघांचे फोन आले. निपाणीकडच्या एकाला पूर्णवेळ मॅनेजर हवा होता, दुसऱ्याला आयएसओच्या सर्टिफिकेटची कागदपत्रं करून हवी होती. कास्टिंग फोडून बघितलं की दोष कुठला ते कळतं, तसं या फोनांवरून परिचय कुठं फसला ते कळलं. 'कन्सल्टन्सीसाठी उपलब्ध' एवढंच लिहिलं, म्हणून पहिल्यानं मला अख्खा महिना मोकळा धरलं. काम कुठलं करतो ते लिहिलं नव्हतं, म्हणून दुसऱ्यानं त्याच्या गरजेचं काम मला चिकटवलं.

मधे मच्छेच्या बाजूच्या एका छोट्या फाउंड्रीत ओळखीनं जाऊन आलो. पंपाच्या हाउसिंगमध्ये वाळू अडकत होती, शंभरात अकरा नग बाद. मालक वाळू धरून ठेवणाऱ्या बाइंडरवर संशय घेऊन बसलेला. मी त्याला प्रत्येक बॉक्स ओतल्याची वेळ खडूनं लिहायला लावली. चार दिवसांत दिसलं, बाद नगांतले बरेचसे दुपारी तीननंतरचे. ओतून झालेल्या मोल्डमधून परत आलेल्या वाळूत थर्मामीटर खुपसला: सकाळी ३१ अंश, चार वाजता ५५. पन्नाशीच्या आसपास गेलेली वाळू मिक्सरमधून मोल्डपर्यंत जाईतो पाणी सोडते, कडा कोरड्या पडतात आणि धातू ओतला की त्या झडतात. मिक्सरवरचा पोरगा वाळू कोरडी वाटते म्हणून वरून पाणी मारायचा. ते पाणी थंड पॅटर्नवर दव धरायचं, वाळू पॅटर्नला चिकटायची. बाइंडर बिचारा निर्दोष. फिरत्या वाळूचा साठा वाढवला, पसरून थंड करायला जागा काढली. महिनाभरात बाद नग चारवर आले. ते चार आतली पोकळी घडवणाऱ्या कोअरचे आहेत, ते अजून सुटलेले नाहीत.

हे त्या मालकाला विचारून, नाव न घालता परिचयात टाकलंय. नवा मजकूर असा:

"छोट्या आणि मध्यम फाउंड्रीत ग्रीन सॅंड मोल्डिंगमधलं रिजेक्शन कमी करायचं काम करतो: वाळू, गेटिंग, रायझर. वाळूचं तापमान आटोक्यात आणून एका फाउंड्रीतलं रिजेक्शन नुकतंच शंभरात अकरावरून चारवर आणलं. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी नऊ ते दुपारी चार, शॉपफ्लोरवर. बेळगाव, खानापूर, निपाणी, कोल्हापूर. नोव्हेंबरपासून आणखी एका फाउंड्रीसाठी जागा आहे. पहिल्या भेटीला मागच्या तीन महिन्यांचा रिजेक्शन रेकॉर्ड तयार ठेवा. भट्टीची खरेदी आणि सर्टिफिकेटची कामं घेत नाही. एकाच ग्राहकाला तोच पार्ट देणाऱ्या दोन फाउंड्र्यांचं काम एका वेळी घेत नाही. मराठी, कन्नड, हिंदी. याआधी ३६ वर्षं फाउंड्रीतच नोकरी."

तुला वाटेल छत्तीस वर्षं शेवटी ढकलली. पण मालक फोन उचलतो तेव्हा त्याच्या अंगणात बाद कास्टिंगचा ढीग पडलेला असतो. त्याला तो ढीग आधी दिसायला हवा, मी नंतर. शिवाय 'निवृत्त' शब्द काढलाय. तो पहिल्या ओळीत असला की लोक फी विचारायलाच लाजतात, चहा पाजून काम करून घेतात. दोन वेळा तसं झालंय.

रेकॉर्डची अट मुद्दाम घातलीय. ज्याच्याकडे रेकॉर्ड नाही त्याच्याकडेही मी जाईन, पण तिथला पहिला महिना नुसता वेळ आणि नग लिहून घेण्यात जाणार, हे त्याला आधी कळलेलं बरं.

'एका फाउंड्रीसाठी जागा' हे वाक्य मात्र जपायला हवं. जागा भरली की त्याच दिवशी ते बदलायचं, नाहीतर फेब्रुवारीत कोणीतरी नोव्हेंबरचं वाचून फोन करेल. खाली तारीख घाल आणि दर महिन्याच्या एक तारखेला मला विचार. कन्नड मजकूर शेजारच्या मास्तरांनी तपासून दिलाय, सोबत पाठवतोय. आणि तो फेट्यातला फोटो काढ. वाळू हातात घेऊन मुठीत दाबतानाचा एक आहे, आईनं मोबाइलवर काढलेला, जरा हललाय, पण तोच लाव.

शुक्रवारी फोन करू नकोस, मच्छेला असेन.

तुझा,
बाबा