तक्रार पत्र: हप्ता थकल्यास जामीनदारास लेखी सूचना मिळणे व मुद्दलाची निम्मी परतफेड झाल्याने हमीतून मुक्त करणेबाबत

दिनांक : 20 मार्च 2025

प्रति,
मा. शाखाधिकारी
प्रत : तक्रार निवारण अधिकारी, मुख्य कार्यालय

संदर्भ : सीएनसी लेथ मशीनसाठी मार्च 2022 मध्ये वितरित केलेले 15,00,000 रुपयांचे मुदत कर्ज, मंजुरीपत्रातील अट क्र. 14, जामीनदार क्र. 2 यांचे हमीपत्र

महोदय,

शिरोली एमआयडीसीतील वर्कशॉपसाठी घेतलेल्या वरील कर्जास मी जामीनदार क्र. 2 आहे. व्याजदर 11 टक्के, मुदत 60 महिने आणि मासिक हप्ता 32,614 रुपये, दर महिन्याच्या 5 तारखेला. माझी तक्रार दोन बाबींची आहे. 2023 साली दोन हप्ते थकले तेव्हा बँकेने मला काहीच कळवले नाही. आता अट क्र. 14 पूर्ण झाली आहे, तरी हमीतून मुक्त करण्यास शाखेने तोंडी नकार दिला आहे. दोन्हींबाबत मला लेखी निर्णय हवा आहे.

आधी थकबाकीबद्दल. ऑगस्ट 2023 चा हप्ता कर्जदाराच्या खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने परत गेला, सप्टेंबरचाही गेला. 10 ऑक्टोबर रोजी कर्जदाराने दोन्ही हप्ते, ऑक्टोबरचा हप्ता आणि दंड एकत्र भरला. त्या दिवशी सर्वांत जुना हप्ता 66 दिवस थकलेला होता. 90 दिवस उलटले की खाते अनुत्पादित ठरते, म्हणजे फक्त 24 दिवस शिल्लक होते. एवढ्या काळात जामीनदाराला पत्र नाही, फोन नाही, एसएमएससुद्धा नाही. माझ्या क्रेडिट रिपोर्टमध्ये मात्र याच कर्जापुढे ऑगस्टअखेर 26 आणि सप्टेंबरअखेर 56 दिवसांची थकबाकी नोंदलेली आहे. थकबाकीची माहिती क्रेडिट कंपनीला नियमितपणे जाते आणि ज्याच्या नावावर ती नोंद बसते त्याला मात्र जात नाही, हे मला मान्य नाही. नोंद खरी आहे, ती काढून टाका असे मी म्हणत नाही. वेळेवर कळवले असते तर ती टाळता आली असती, एवढेच माझे म्हणणे आहे.

यावर शाखेतून उत्तर मिळाले की जामीनदाराला प्रत्येक हप्त्याची सूचना देण्याचे कायद्याने बंधन नाही. भारतीय करार अधिनियम 1872 मध्ये तसे कलम नाही, हे मलाही ठाऊक आहे. कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कर्जदाराकडून वसुली करून मगच जामीनदाराकडे यावे असेही बंधन नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1969 सालीच बँक ऑफ बिहारच्या प्रकरणात ते स्पष्ट केले आहे. पण बँकेला थेट माझ्याकडे येता येते, म्हणूनच मला वेळेवर कळणे गरजेचे आहे. 2023 चेच आकडे पाहा. सप्टेंबरअखेर थकबाकी दोन हप्त्यांची, म्हणजे 65,228 रुपये अधिक दंड एवढीच होती. ती रक्कम मी स्वतः भरून खाते नियमित करू शकलो असतो. तेच खाते 90 दिवस ओलांडून बँकेने संपूर्ण कर्ज परत मागितले असते तर मागणी सुमारे 11 लाख 77 हजार रुपये मुद्दल व त्यावरील व्याजाची झाली असती, कारण तोपर्यंत फक्त 16 हप्ते फिटले होते. पहिली रक्कम जामीनदार उभी करू शकतो. दुसऱ्या रकमेसाठी त्याला घर विकावे लागते. बँकेलाही पहिल्या टप्प्यावरची वसुली सोपी आणि स्वस्त पडते.

म्हणून माझी मागणी अशी. हप्ता देय तारखेला जमा झाला नाही तर 7 दिवसांच्या आत मला एसएमएस आणि ईमेल यावा. त्यात हप्त्याचा महिना, रक्कम, परत जाण्याचे कारण आणि त्या तारखेपर्यंतचा दंड लिहिलेला असावा. थकबाकी 30 दिवसांवर गेली की पुन्हा, आणि 60 दिवसांवर गेली की नोंदणीकृत डाकेने माझ्या पत्त्यावर पत्र यावे. यातले 30 आणि 60 दिवसांचे टप्पे बँकेच्या स्वतःच्या देखरेखीतही आहेतच. 30, 60 आणि 90 दिवसांनुसार खात्याचे वर्गीकरण बँक करतेच. त्याच वेळी जामीनदाराला एक संदेश जास्त पाठवणे अवघड नाही.

कर्जदाराच्या खात्याची माहिती गोपनीय असल्याची अडचण शाखेने सांगितली होती. ती दूर व्हावी म्हणून कर्जदाराचे सहीचे संमतीपत्र सोबत जोडले आहे. थकबाकीची माहिती आणि खात्याचा उतारा मला देण्यास त्याची हरकत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे.

थकलेला हप्ता मी भरलाच, तर तो माझ्या खात्यातून जाईल आणि पावतीवर ‘जामीनदाराकडून’ असा शेरा मारावा, हीही विनंती आहे. कर्जदाराच्या खात्यात रोख जमा केली की पैसे कोणी भरले हे नंतर सिद्ध करणे कठीण जाते. कलम 145 प्रमाणे ती रक्कम मला कर्जदाराकडून मागता यायची असेल तर त्या पावतीवरच सगळे अवलंबून आहे.

आता हमीमुक्तीबद्दल. अट क्र. 14 प्रमाणे मुद्दलाची 50 टक्के परतफेड झाल्यावर आणि त्याआधीचे 12 महिने खाते नियमित असल्यास जामीनदार क्र. 2 यांना मुक्त करण्याचा विचार बँक करील. इथे हिशोब नीट पाहणे आवश्यक आहे, कारण शाखेतील चर्चेत ‘निम्मे हप्ते’ आणि ‘निम्मे मुद्दल’ यांची गल्लत झाली. 60 पैकी 30 हप्ते भरले तरी निम्मे मुद्दल फिटत नाही, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. 11 टक्क्यांनी 30 हप्त्यांनंतर मुद्दल बाकी सुमारे 8 लाख 52 हजार राहते. बाकी साडेसात लाखांच्या खाली येते ती 35 व्या हप्त्याला, म्हणजे फेब्रुवारी 2025 मध्ये. म्हणून सप्टेंबर 2024 मध्ये 30 वा हप्ता गेल्यावर अर्ज न करता मी आता करत आहे. मार्च 2025 चा 36 वा हप्ता जमा झाल्यावर बाकी सुमारे 7 लाख रुपये आहे. 2023 मधल्या उशिरामुळे काही रुपयांचा फरक असेल तर तो उताऱ्यावरून काढावा. त्याने अटीच्या पूर्ततेत फरक पडत नाही. ऑक्टोबर 2023 नंतर एकही हप्ता चुकलेला नाही, त्यामुळे 12 महिन्यांची अटही पुरी होते. 2023 ची थकबाकी पुढे करून नकार देणे अटीच्या शब्दांना धरून नाही.

शाखेचा दुसरा आक्षेप असा की एका जामीनदाराला सोडले तर दुसराही सुटेल. हा आक्षेप चुकीचा आहे. कलम 138 नेमके याचसाठी आहे : धनको एका सहजामीनदाराला मुक्त करतो तेव्हा बाकीचे मुक्त होत नाहीत. याच कलमाची दुसरी बाजूही मी लपवत नाही. बँकेने मला सोडले तरी माझ्या सहजामीनदाराप्रती असलेली माझी जबाबदारी आपोआप संपत नाही. उद्या त्याला भरावे लागले तर तो माझ्याकडे वाटा मागू शकतो. पुष्कळ जामीनदार बँकेचे मुक्तिपत्र हातात आले की प्रकरण मिटले असे समजतात आणि इथे अडकतात. म्हणून जामीनदार क्र. 1 यांचे लेखी संमतीपत्र सोबत जोडले आहे. माझ्या मुक्तीस आपली हरकत नाही आणि मुक्तीनंतर आपण माझ्याकडे वाटा मागणार नाही, असे त्यांनी त्यात लिहून दिले आहे. त्यांची हमी, मशीनवरील नजरगहाण आणि कर्जदाराची वैयक्तिक जबाबदारी बँकेकडे तशीच राहते. सुमारे 7 लाखांच्या बाकीसाठी हे पुरेसे नाही असे बँकेला वाटत असेल तर मशीनचे आजचे मूल्यांकन करून तो आकडा मला कळवावा.

त्याच वेळी मशीनचा विमा चालू असल्याची आणि त्यावर बँकेचे नाव असल्याची खात्री करावी, व पॉलिसीची प्रत मला द्यावी. तारण बँकेच्या हलगर्जीने गेले तर कलम 141 खाली जामीनदार तेवढ्या रकमेपुरता मुक्त होऊ शकतो. पण बँकांच्या छापील हमीपत्रांत हा हक्क आधीच सोडून दिल्याचे वाक्य बहुधा असते. माझ्या हमीपत्रात ते आहे की नाही, हे सांगता येत नाही, कारण सही घेतल्यानंतर त्याची प्रत मला मिळालेलीच नाही. ती सर्व पानांसह द्यावी.

पूर्ण मुक्ती देणे बँकेला शक्य नसेल तर माझी हमी कमाल 3,50,000 रुपयांपुरती मर्यादित करणारा पुरवणी करार करावा. बाकी त्याखाली येईल तशी माझी मर्यादाही उतरावी. यापेक्षा जास्त मर्यादा मी स्वीकारणार नाही, कारण ती रक्कम आजच्या बाकीच्या निम्मी आहे आणि जामीनदार दोन आहेत.

निर्णय काहीही झाला तरी एक गोष्ट आजपासून लागू समजावी. हमीपत्रात ‘पुढील सर्व कर्जांसाठी’ अशा स्वरूपाची सततची हमी असल्यास ती पुढील व्यवहारांपुरती मी कलम 130 प्रमाणे या पत्राने मागे घेत आहे. या कर्जावर टॉप-अप, नवीन कॅश क्रेडिट, मुदतवाढ किंवा हप्त्यांची पुनर्रचना माझ्या सहीच्या लेखी संमतीशिवाय मला बंधनकारक राहणार नाही.

मुक्ती मंजूर झाल्यास केवळ ‘तुमचे काम झाले’ असे काउंटरवर सांगणे पुरणार नाही. हमीपत्राची तारीख आणि कर्ज खाते क्रमांक नमूद असलेले, अधिकृत अधिकाऱ्याच्या सहीचे मुक्तिपत्र हवे. त्याबरोबर माझे तारण म्हणून ठेवलेले कोरे चेक व पगार कपातीचे संमतीपत्र परत करावे, आणि माझ्या नावावरील जामीनदाराची नोंद बंद झाल्याचे सर्व क्रेडिट कंपन्यांना कळवावे. ती नोंद चालू राहिली तर माझ्या गृहकर्जाच्या अर्जात आजची सुमारे 7 लाखांची जबाबदारी धरली जाईल.

या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घालून पोच द्यावी. 30 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास, किंवा कारणे न देता नकार आल्यास, मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या पोर्टलवर तक्रार करीन व ही पोच तिथे जोडीन.

आपला विश्वासू,
(सही)
जामीनदार क्र. 2

सोबत : मंजुरीपत्राची प्रत, कर्जदाराचे संमतीपत्र, जामीनदार क्र. 1 यांचे संमतीपत्र, कर्ज खात्याचा 20 मार्च 2025 पर्यंतचा उतारा, क्रेडिट रिपोर्टमधील संबंधित पान