नूडल्सवर मेण नाही, एवढं लिहून द्यायला किती दिवस लागतात?

माननीय अन्न व औषध प्रशासन मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार. घणसोली स्टेशनबाहेर माझी चहा-नूडल्सची टपरी आहे. आपल्या खात्याचा एक अधिकारी माझ्याकडून नूडल्सचा नमुना घेऊन गेला, त्याला आज 47 दिवस झाले. जाताना त्यांनी सांगितलं होतं, "ताई, 14 दिवसांत अहवाल येईल, मराठीतला खुलासा तुमच्या टपरीवर लावू." अहवाल आला नाही. खुलासाही आला नाही. म्हणून हे पत्र.

झालं ते असं. एका मुलाने माझ्या टपरीसमोर मोबाइल धरला, नूडल्सची कोरडी वडी नखाने खरवडली, पांढरा भुगा पडला. मग वडीला काडी लावली, ती पेटली. "बघा, हे मेण आहे, पोटातून निघायला पाच दिवस लागतात, कॅन्सर होतो." संध्याकाळपर्यंत आजूबाजूच्या सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर माझी टपरी. दिवसाला साठ प्लेट जायच्या, आता पंधरा गेल्या तरी खूप. कॉलेजातली पोरं लांबून नमस्कार करतात आणि शेजारच्या वडापाववर जातात. मुलीच्या फीचा दुसरा हप्ता थकलाय, हे मी कोणाच्या तोंडावर सांगायचं?

महोदय, टपरीआधी नऊ वर्षं मी औद्योगिक पट्ट्यातल्या नूडल्सच्या कारखान्यात तळणीवर होते. वडीवर काय असतं ते मी या हातांनी पाहिलंय. मैदा, पाणी, मीठ आणि थोडे क्षार घालून पीठ मळतात. त्या क्षारांमुळेच नूडल्सला पिवळसर रंग आणि चिवटपणा येतो. पीठ लाटून पातळ पट्टी करतात, ती कापून तारा पाडतात, तारांना लाटेसारखी वळणं देतात आणि वाफेच्या बोगद्यातून नेतात. वाफेत पिठातला स्टार्च शिजतो. मग साच्यात बसवून ती वडी 140 ते 160 अंशांच्या पामतेलात मिनिट-दोन मिनिटं जाते. तारेतलं पाणी वाफ होऊन फुसफुसत बाहेर पडतं, त्याने बारीक भोकं पडतात आणि त्यांत तेल शिरतं. तेल निथळून, वडी थंड करून पुडीत. संपलं. 1958 साली जपानमध्ये मोमोफुकू आंदो यांनी तळून वाळवलेल्या नूडल्स बाजारात आणल्या, तेव्हापासून मूळ पद्धत हीच आहे. मेण घालायची जागाच त्यात नाही, कारण ते घालून उपयोगही नाही. तारा एकमेकींना चिकटत नाहीत त्या वाफेमुळे, तळण्यामुळे आणि वरच्या तेलाच्या थरामुळे.

तो जो तुळतुळीत थर लोकांना दिसतो, तो हा तेलाचा. तळलेल्या वडीत वजनाच्या साधारण 15 ते 20 टक्के तेल राहतं, म्हणजे साठ ग्रॅमच्या वडीत दहा ग्रॅमच्या आसपास. पामतेल तुपासारखं थिजतं, म्हणून कोरड्या वडीवर बोट फिरवलं की मेणचट लागतं आणि नखाने खरवडलं की पिठाच्या भुग्यात पांढरं दिसतं. पेटतं म्हणून मेण? तळलेल्या पापडाला काडी लावून बघा, तोही पेटतो. कोरडं पीठ आणि तेल, पेटणारच.

मी तुमच्या प्रयोगशाळेची वाट बघत बसले नाही. पुढच्या रविवारी टपरीवरच दोन पातेली ठेवली. एकात वडी उकळली, दुसऱ्यात नुसत्या पाण्यात मेणबत्तीचा किस टाकला. दोन्हीकडे वर चकचकीत थेंब तरंगले, आणि बघणारी दोन-तीन माणसं लगेच म्हणाली, "बघा, सारखंच!" मी म्हटलं, थांबा जरा. पाणी तोंडाला सोसवेल इतकं निवलं, तेव्हा मेणबत्तीच्या पातेल्यावर पांढरी पापडी धरली होती, चमचा बुडवला तर चमच्यालाही मेणाचं पुट. नूडल्सच्या पाण्यावर मात्र तेलाचे गोल थेंब तसेच पळत होते. मेणबत्तीचं मेण 55 ते 60 अंशांच्या आसपासच घट्ट होतं, पामतेल त्यापेक्षा खूप खाली, 35 च्या जवळपास. म्हणजे नूडल्सवर खरंच मेण असतं, तर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या ओठाला ते थिजून चिकटलं असतं. मग दोन्ही पाणी वाट्यांत ओतून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी दोन्हींवर पांढरा थर, आणि इथेच माणसं फसतात. मेणाचा थर अख्खा उचलला गेला आणि काडकन मोडला. नूडल्सचा थर चिमटीत घेतला तर लोण्यासारखा पसरला आणि बोटांना तूपट लागलं.

आणखी एक साधी गोष्ट. वड्या इतक्या लवकर शिजतात ते त्या भोकांमधून पाणी आत जातं म्हणून.

हे सगळं एक टपरीवाली दोन पातेल्यांत दाखवू शकते, मग तुमच्या खात्याला काय झालं? अन्न सुरक्षा कायदा 2006 चा आहे. नमुना मिळाल्यापासून 14 दिवसांत अन्न विश्लेषकाने अहवाल द्यायचा, हे त्या कायद्यातच लिहिलंय. माझ्यासमोर नमुन्याचे चार भाग केले, सीलं लावली, सह्या घेतल्या, पैसे दिले. नियम माझ्यापुरते अगदी काटेकोर. मी दरवर्षी 100 रुपये भरून नोंदणी करते, प्रमाणपत्र काचेत लावते, डोक्याला टोपी घालते. ज्याने व्हिडिओ टाकला, त्याला एका ओळीचा पुरावा कोणी मागितला नाही.

आणि जे तपासायला हवं, ते कोण तपासतंय? सफरचंदावर मेणाचा थर खरंच देतात, नियमात त्याला परवानगी आहे, आणि मेणाचं नाव लेबलवर छापायचं बंधन आहे. आमच्या बाजारात किती पेट्यांवर ते वाचायला मिळतं, एकदा येऊन बघा. नूडल्समध्येही धोका आहे, पण तो मेणाचा नाही. मसाल्याच्या पुडीत मीठ भरपूर असतं आणि तेल खवट होतं. उन्हात पडून राहिलेली खोकी, तारीख उलटलेला माल अर्ध्या किमतीत टपऱ्यांवर उतरवणारे एजंट मला दर महिन्याला भेटतात. पुडी फोडल्यावर जुन्या फरसाणासारखा वास आला, की मी वडी फेकते. माझा तोटा होतो, तरी फेकते. त्या एजंटांचा नमुना घेताना कोणी मला दिसलेलं नाही. त्यांच्याकडे जायला तुमच्याकडे माणसं नसतात, माझ्याकडे यायला असतात!

पाणी नाही, गाळा नाही, फेरीवाला धोरण कागदावर, महिन्यातून दोनदा गाडी उचलायची धमकी, हे सगळं सोसून धंदा चालवला. तो पंचेचाळीस सेकंदांच्या व्हिडिओने बसला, आणि तुमच्या एका सहीच्या कागदाने उठला असता.

माझ्या मागण्या दोन. माझ्या नमुन्याचा अहवाल, जो काही असेल तो, मला द्या. आणि वडीवर पामतेल असतं, मेण नसतं, हे साध्या मराठीत एका कागदावर छापून नवी मुंबईतल्या प्रत्येक वॉर्ड ऑफिसात आणि कॉलेजात लावा. पावती माझ्याकडे आहे. दोन्ही वाट्या अजून फ्रीजमध्ये आहेत, तुमचा माणूस आला तर दाखवीन.

आपली,
एक नोंदणीकृत खाद्यविक्रेती, घणसोली