चेहरा नव्हता, पण दादाच होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला स्वप्नांवरचा लेख माझ्यापर्यंत पोहोचला तो सकाळी साडेसातला, फोनवर, वहिनीच्या रडवेल्या आवाजात. आमचा दादा गेला त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. तो वहिनीच्या स्वप्नात येतो आणि येतो तेव्हा त्याला चेहरा नसतो, हे तिने इतके दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. काल सांगावं लागलं, कारण आपल्या लेखकाने चौकट आखून ठळक टाईपात लिहिलं होतं की गेलेलं माणूस बिनचेहऱ्याचं दिसलं तर त्याची काही इच्छा राहिलेली असते, नाहीतर ते बघणाऱ्याच्या मनातून पुसलं जात असतं. "अगं, मी ह्यांना विसरायला लागले का गं?" एवढंच ती पुन्हापुन्हा विचारत होती. जिने एक्केचाळीस वर्षं त्या माणसाचा डबा भरला, तिच्यावर ही वेळ आणल्याबद्दल आपलं आणि लेखकमहाशयांचं अभिनंदन.

मी मानसशास्त्रज्ञ नाही. एका रुग्णालयात ईईजी तंत्रज्ञ, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख काढणारी, होते, आणि निवृत्तीआधीची काही वर्षं झोपेच्या तपासणीच्या खोलीत रात्रपाळी केली. येणारे बहुतेक घोरणारे. त्यांच्या डोक्याला, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीला पेस्ट लावून वायरी चिकटवायच्या आणि रात्रभर पडद्याकडे बघत बसायचं. झोप लागून साधारण दीड तास झाला की हनुवटीची रेघ सपाट होते, डोळ्यांच्या रेघा झटके देऊ लागतात. ही रेम झोप. स्वप्नं एरवीही पडतात, पण लांबलचक आणि गोष्टीसारखी पडतात ती बहुतेक यात. पहाटेकडे हे टप्पे लांबत जातात.

एका निवासी डॉक्टरांच्या प्रबंधासाठी आम्ही काही जणांना, अर्थात त्यांच्या संमतीने, नेमकं अशा वेळी उठवत असू. डॉक्टरांनी प्रश्न ठरवून दिले होते आणि त्यांचा क्रम मोडायची बंदी होती. आधी, "आत्ता डोक्यात काय चाललं होतं?" मग, "त्यात कोण होतं?" मग, "तेच होतं हे कशावरून कळलं?" चेहऱ्याचं नाव आपण काढायचं नाही. कारण "चेहरा कसा होता?" म्हटलं की अर्धवट झोपेतला माणूस भिडेखातर एक चेहरा तिथल्या तिथे बनवून देतो, आणि मग खरं काय ते त्यालाही कळत नाही. उठल्यावर दोन मिनिटं गेली तरी तेच. पेस्ट पुसेपर्यंत अर्धं स्वप्न गेलेलं असायचं.

तेव्हा काल मी वहिनीला म्हटलं, लेख बाजूला ठेवा आणि परवा पडलेलं स्वप्न सांगा. तिने सांगितलं ते असं. चाळीतला व्हरांडा, दुपार. दादा कठड्याशी पाठमोरा उभा, अंगात तो निळा हातविणीचा स्वेटर, हातात तीन पुडांचा डबा. तिने हाक मारली, तो वळला. वळला तो त्यांच्या इमारतीतल्या जुन्या लिफ्टमनसारखा होता. मग तो खाली वाकून डबा उघडायला लागला आणि तेव्हा ते माझे वडील होते, म्हणजे तिचे सासरे. पण या सगळ्या वेळात तो दादाच होता. "कशावरून?" मी विचारलं. वहिनी जरा गप्प राहिली आणि म्हणाली, "कशावरून म्हणजे? तेच होते. मला माहीतच होतं."

आता मी क्रम मोडला, कारण ती माझी वहिनी आहे, प्रबंधातली केस नाही. म्हटलं, "आणि बिनचेहऱ्याचा कधी होता?" तर म्हणाली, पाठमोरा होता तेव्हा, आणि इतर वेळच्या स्वप्नांतही असाच, जवळपास वावरत असतो. चेहऱ्याच्या जागी कोरं काही दिसतं का? "नाही गं, तिकडे बघितलंच नाही मी." चेहरा नसणं वेगळं आणि चेहऱ्याकडे लक्षच न जाणं वेगळं. 'बिनचेहऱ्याचा' हा शब्द वहिनीचा नव्हताच, तो तिला आपल्या पुरवणीने दिला.

"मला माहीतच होतं" हे उत्तर आम्ही त्या खोलीत इतक्यांदा ऐकलं की डॉक्टरांनी त्यासाठी फॉर्मवर वेगळा रकाना केला होता. हॉब्सन, कान, स्टिकगोल्ड वगैरे स्वप्नांच्या संशोधकांनी २००० साली ३३ जणांची ३२० स्वप्नं घेऊन नेमकं हेच मोजलं होतं. स्वप्नातल्या ओळखीच्या, नावानिशी माहीत असलेल्या माणसांपैकी शेकडा ४५ चेहऱ्यावरून ओळखली गेली आणि शेकडा ४४ नुसती 'कळली'. एकाच माणसाला दोन्ही खुणा असू शकतात, म्हणून बेरीज करत बसू नये. म्हणजे आपल्या जिवलगांनाही स्वप्नात आपण निम्म्याहून अधिक वेळा चेहऱ्याच्या मदतीशिवाय ओळखतो. त्यात विसरण्याचा संबंध कुठे आला?

याचं कारण असं की चेहरा आणि माणूस या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागेपणी त्या इतक्या पटकन एकमेकींना येऊन मिळतात की आपल्याला एकच वाटतात. ट्रेनमध्ये समोरचा चेहरा दिसतो, तो ओळखीचा वाटतो, मग हा कोण ते आठवतं आणि सगळ्यात शेवटी नाव. हे नाव नेहमी कुर्ला गेल्यावर आठवतं, हा माझा अनुभव. स्वप्नात गाडी उलट दिशेने सुटते. आधी 'दादा' येतो, म्हणजे त्याची आठवण, त्याच्याबद्दलची माया, त्याची उभं राहण्याची ढब. डोळ्यांपुढे खराखुरा माणूस नसतो, त्यामुळे चेहरा आलाच पाहिजे अशी सक्ती कुणी करत नाही. हाताला लागेल तो चेहरा चिकटतो, नाहीतर चिकटतही नाही.

आणि चिकटलेला चेहरा चुकीचा आहे हे सांगणारा झोपलेला असतो. कपाळामागच्या मेंदूचा वरचा, बाजूचा भाग जागेपणी ही पडताळणी करतो. 'अरे, हा तर लिफ्टमन, दादा कसा असेल, आणि दादा तर गेला' हे त्याचं काम. १९९६-९७ च्या सुमाराला रेम झोपेत मेंदूची चित्रं घेतली तेव्हा नेमका हाच भाग मंदावलेला दिसला, तर भावनांचे भाग जोरात. त्यामुळे माया शाबूत, तपासनीस रजेवर. चेहरा मध्येच बदलला तरी वहिनी दचकली नाही ती यामुळे. दचकली ती काल, जागेपणी, पेपर वाचून.

जागेपणी हीच सांधेजोड बिघडली तर तो आजार असतो. रस्त्यावरचा प्रत्येक परका म्हणजे वेष पालटून आलेला एकच ओळखीचा माणूस आहे, अशी खात्री काही रुग्णांना असते. १९२७ साली फ्रेंच डॉक्टरांनी याला फ्रेगोली हे नाव दिलं, मंचावर झटपट सोंगं बदलणाऱ्या एका इटालियन नटावरून. चेहरे अनेक, माणूस एक. वहिनीचा लिफ्टमन आणि तिचे सासरे मिळून जसा एक दादा, तसंच. फरक एवढाच की वहिनी सहाला उठून दूध तापवते आणि सगळं ठीक होतं.

लेखातलं दुसरं वाक्य, 'मेंदू नवा चेहरा निर्माण करू शकत नाही, स्वप्नातला प्रत्येक चेहरा आपण कुठेतरी पाहिलेलाच असतो.' हे वाक्य मी किती वर्षं वाचते आहे आणि कुणी कसं तपासलं ते कुणीच लिहीत नाही. तपासणार कसं? त्यासाठी एका माणसाने जन्मापासून पाहिलेल्या सगळ्या चेहऱ्यांची यादी हवी. लेखकाने सकाळी नऊला दादर स्टेशनच्या पुलावर पाच मिनिटं उभं राहून यादीला सुरुवात करावी, मी चहा आणून देईन. वर सांगितलेल्या त्याच पाहणीत शेकडा १६ माणसं स्वप्न पाहणाऱ्यांच्या लेखी अगदी अनोळखी होती. ती पूर्वी पाहिलेली नव्हतीच, असंही यावरून सिद्ध होत नाही. पण छातीठोकपणे उलटं तरी कशाच्या जोरावर छापता?

मेंदूला स्वप्नात चेहरे जमत नाहीत, असंही मात्र नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी झोपलेल्यांच्या डोक्यावर २५६ टिकल्यांची जाळी घालून त्यांना उठवलं. (आमच्याकडे जेमतेम डझनभर वायरी असायच्या आणि त्यातली एक कायम सुटलेली.) ज्यांनी चेहरा दिसल्याचं सांगितलं, त्यांच्या मेंदूच्या तळाशी, जागेपणी चेहरे बघताना काम करतो तोच भाग उठवण्याच्या आधी जागा झालेला होता. चेहरे बनतात. ते कुणाचे, हा हिशेब तेवढा तिथे नीट लागत नाही.

हे सगळं मी वहिनीला सांगितलं, यापेक्षा पुष्कळ थोडक्यात. तिचं समाधान झालं की नाही माहीत नाही, पण तिने विचारलं, "मग स्वेटर कसा नीट दिसला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्वेटर तिनेच विणला होता.

आता चेहऱ्यांचा विषय निघालाच आहे म्हणून. गेल्या वर्षी दादाची श्रद्धांजली आपल्याच पेपरात, रोख पैसे भरून, आम्ही दिली होती. नाव दादाचं, तारीख दादाची, आणि फोटो कुणा दुसऱ्याच गृहस्थांचा, जाड मिशीवाला. दादाने जन्मात मिशी ठेवली नाही. भेटायला येणारे दारातच गोंधळत होते. दुसऱ्या दिवशी सातव्या पानावर आपण दोन ओळींची दुरुस्ती टाकलीत, फोटोशिवाय. (वहिनीच्या स्वप्नातले चेहरे त्या गृहस्थांचे नाहीत, मी मुद्दाम विचारलं.) झोपलेल्या मेंदूकडून अशी अदलाबदल मी समजू शकते, पण आपल्याकडे रात्रपाळीला मुद्रितशोधक जागे असतात अशी माझी समजूत होती.

तरी विनंती आहे की वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी दादाचा फोटो विनामूल्य छापावा. फोटो आणि जुनी पावती सोबत जोडली आहे. फोटोच्या मागे मी पेन्सिलीने नाव लिहिलं आहे, छापण्याआधी एकदा उलटून बघावा.

आपली,
एक निवृत्त ईईजी तंत्रज्ञ, मुलुंड (पूर्व)
(नाव-पत्ता सोबत, छापू नये)