रविवारी फायर लाइनची टेस्ट, दोन्ही विंगसाठी

मंडळी, येत्या रविवारी सकाळी १० वाजता फायर लाइनची टेस्ट आहे, एजन्सीची माणसं येणारेत, प्रत्येक विंगमधून दोघं तरी खाली या.

बी विंगला वेट रायझर आहे म्हणजे पाइपात कायम प्रेशरने पाणी भरलेलं असतं, जिन्यातला लाल लँडिंग व्हॉल्व्ह उघडला की लगेच पाणी, प्रेशर घसरलं की खालचा पंप आपोआप चालू. तिथे आपण टेरेसवरचा व्हॉल्व्ह उघडून बघणार, वर गेजवर साडेतीन किलोच्या आसपास प्रेशर टिकलं तर ठीक.

ए विंगचा पाइप मात्र कोरडा, ड्राय रायझर. व्हॉल्व्ह उघडला तरी थेंब येणार नाही, तो बिघाड नाहीये! आग लागली की फायर ब्रिगेड गेटजवळच्या इनलेटला होज लावून गाडीच्या पंपाने पाणी वर ढकलते.

गोची इथेच आहे. कोरडा असल्याने व्हॉल्व्ह उघडा राहिला तर वर्षभर कळतच नाही. मागच्या टेस्टला तिसऱ्या मजल्यावरचा अर्धा उघडा होता, सगळं पाणी तिथेच जिन्यात आणि सहाव्यावर नुसती फुसफुस.

म्हणून ए विंगवाल्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत:
- आपापल्या मजल्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहे ना ते बघा, तोंडावरची कॅप गायब असेल तर ग्रुपवर टाका
- व्हॉल्व्हसमोरच्या चपला, कुंड्या हलवा

इनलेटसमोर गाडी लावू नका, रविवारीच नाही, कधीच.

पाणी सांडेल, लहान मुलांना जिन्यात सोडू नका.