रापणीचा लेख परत पाठवताना

वेंगुर्ले

प्रिय सुरेश,

बाबांबरोबर किनाऱ्यावरून जाळं ओढलंत, त्या रापणीवरचा तुझा लेख सोबत पाठवतोय. सोबत पहिली झेरॉक्सही ठेवली आहे, तिच्यावर मी लाल पेनाने केलेला गोंधळ तुला दिसायला हवा.

तू लिहिलं होतंस, "बाबांनी दोर कमरेला घेतला. पाय वाळूत. पाणी गुडघ्याला. मी मागे. सगळे मागे." मी त्याचं केलं, "गुडघाभर पाण्यात पाय रोवून बाबांनी दोर कमरेला घेतला आणि त्यांच्यामागे आम्ही सर्वजण ओढू लागलो." व्याकरण चोख. रात्री दोन्ही मोठ्याने वाचली तेव्हा कळलं, तुझ्या वाक्यांत दोर हिसक्या-हिसक्याने येतो आणि माझ्यात कुणी ओढतच नाही. ते वाक्य माझं होतं रे, त्या दिवशी किनाऱ्यावर नसलेल्या माणसाचं.

मग नवी झेरॉक्स आणि पेन्सिल घेतली. 'होडि'ची 'होडी' केली, 'पाणि'चं 'पाणी' केलं. ते विचारायचं काम नव्हे. पण बोलण्यातली मालवणी शुद्ध करायला गेलो नाही. एका पानावर 'मग' सात वेळा आलाय. आधी सगळे खोडले होते. वाचताना लक्षात आलं की जाळं जवळ येतं तिथले चार हवेतच, दर 'मग'ला दोर हातभर आत येतो. उरलेले तीन नुसते सवयीचे, ते काढलेत.

जिथे अर्थ अडला तिथे वाक्य बदललं नाही, समासात प्रश्न लिहिला. "तिचो वाटो आदी काढा," असं तांडेल म्हणतो. ती कोण? तू मागे सांगितलेलंस, नवरा गेल्यावरही जिचा वाटा चालू राहिला ती काकी. मी ते घातलं असतं तर माझ्या शब्दांत आलं असतं. तू घाल, एका ओळीत, आणि तेही मासे वाटायला घेण्याआधी.

एक परिच्छेद मात्र काढच असं सांगतो. पहिला. "कोकणाला निसर्गरम्य समुद्रकिनारा लाभला आहे" हे तू कधी तोंडाने बोलशील का? तो शाळेच्या निबंधातून तुझ्या हाताला चिकटलाय. तुझा आवाज जपायचा म्हणजे तुझ्या हातून उतरलेलं सगळंच ठेवायचं असं मला वाटत नाही. लेख दुसऱ्या परिच्छेदापासून, "पहाटे बाबा दारात उभे," इथून सुरू होतो. शेवटचं पान जरा लांबलंय, पण तिथे नवा शब्द लागत नाही, बांगड्यांचा ढीग आधी आणि हिशेब नंतर एवढं फिरवलं की बसतं. बाणाने दाखवलंय.

पेन्सिल आहे, पटणार नाही ते खोडून टाक. रविवारी मी मालवणला येतोय. काकीची ओळ तोवर लिहून ठेव, आणि सगळा लेख तूच मला वाचून दाखव. जिथे तुझी जीभ अडखळेल तिथे माझं काही राहिलंय का, ते बघू.

तुझा,
विनू