‘इथे, इथे आणि इथे सही करा’

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बँकेत खाते उघडण्याचे अर्ज तपासण्यात माझी नोकरीची बरीच वर्षे गेली. गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंनी आपल्या नव्या बचत खात्याच्या अर्जाची प्रत दाखवली आणि जुनी खोड जागी झाली.

अर्ज बँकेच्या माणसाने भरलेला, काकूंनी फक्त सह्या केलेल्या. फोटोखालची नमुना सही पूर्ण नावाची, मराठीत. प्रतिज्ञापत्राखाली आडनाव गाळलेले. नॉमिनेशनच्या फॉर्मवर नुसती आद्याक्षरे. पॅनकार्डावर मात्र इंग्रजी सही. म्हातारा हात थोडा थरथरणारच, त्याला कोणी हरकत घेत नाही. पण लिपी आणि नावाची मांडणी बदलली तर ती सही वेगळीच ठरते. संगणकात जाते ती नमुना सही. उद्या काकूंनी सवयीने इंग्रजीत सही केली, तर चेक ‘सही जुळत नाही’ म्हणून परत येईल.

खरी अडचण नॉमिनीच्या रकान्यात होती. काकूंनी नातवाचे नाव दिले आहे. नाते लिहिलेले, जन्मतारीखही लिहिलेली. त्या तारखेवरून नातू ११ वर्षांचा. त्याखालची ओळ कोरी! नॉमिनी अज्ञान असेल तर त्याच्या वतीने रक्कम कोण स्वीकारणार, त्या सज्ञान व्यक्तीचे नाव तिथे लिहायचे असते. रकाना भरलेला दिसला की तपासणारा पुढे सरकतो, जन्मतारखेशी कोणी ताळा करत नाही. काकूंच्या माघारी पैसे घ्यायचे कोणी, हा वाद मग घरात सुरू होतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी नेमता येतात. सर्वांना एकाच वेळी वाटा द्यायचा असेल तर टक्क्यांची बेरीज १०० व्हावी लागते, म्हणजे तपासायला आणखी एक जागा वाढली. (नॉमिनी हा मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने पैसे स्वीकारतो, हेही काकूंना कोणी सांगितले नव्हते.)

मोबाइलच्या रकान्यात दहा आकडे होते. नंबर मात्र अर्ज भरणाऱ्याचा! भरलेला रकाना बरोबर असतोच असे नाही.

फोटो ताजा होता, आधारवरचा दहाएक वर्षांपूर्वीचा. अशा वेळी केस, चष्मा, कुंकू पाहू नये. कपाळ, कानाची ठेवण, हनुवटी पाहावी आणि समोर बसलेल्या माणसाकडे एकदा मान वर करून बघावे. फोटोवरची सही अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर हवी, म्हणजे फोटो बदलला तर लक्षात येते. काकूंची पूर्ण सही कागदावरच होती.

काकूंना शाखेत नेऊन नमुना सही आणि मोबाइल नंबर बदलून घेतला, नॉमिनेशन बदलायचा फॉर्म भरला, मुलीचे नाव त्या कोऱ्या ओळीत घातले. पोच मागितल्यावरच मिळाली. बँकांनी ही पोच आणि भरलेल्या अर्जाची प्रत न मागता द्यावी, आणि सह्या घेण्याआधी नॉमिनीचा रकाना ग्राहकाला मोठ्याने वाचून दाखवावा, एवढीच विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा