बासाठी साल मुबारक

वडोदरा,
धनत्रयोदशी

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र मिळालं. शेजारच्या वयस्कर गुजराती बाईंना, म्हणजे बांना, त्यांच्या नवीन वर्षाला गुजरातीत काय म्हणू, एवढंच तू विचारलंस. म्हणायची ओळ ही:

“बा, तमने अने घरना बधाने साल मुबारक.”

म्हणजे ‘बा, तुम्हाला आणि घरातल्या सगळ्यांना नवीन वर्षाच्या शुभेच्छा.’ तमने म्हणजे तुम्हाला, अने म्हणजे आणि, बधा म्हणजे सगळे. ‘तमने’तला म अर्धाच म्हण, ‘तम्‌ने’ असा. ‘बधाने’तला ध मात्र नीट फुटला पाहिजे.

आपल्या माणसाची गाडी अडते ती ‘तमने’वर. पहिल्या वर्षी मी खालच्या मजल्यावरच्या सत्तरीच्या आजोबांना ऐटीत ‘तने साल मुबारक’ म्हणालो. ‘तने’ म्हणजे तुला! ते हसले, पण त्यांची सून आत जाऊन हसली ते मला जास्त लागलं. दुसरी चूक म्हणजे ‘तमे साल मुबारक’. तमे म्हणजे तुम्ही, त्यामुळे वाक्य लंगडतं. फार गोंधळ झाला तर नुसतं हात जोडून ‘साल मुबारक’ म्हण, तेवढंही पूर्ण आहे. पत्रिकेवर छापतात ते ‘नूतन वर्षाभिनंदन’. ते कार्डावर शोभतं, जिन्यात भेटल्यावर जरा भाषण केल्यासारखं वाटतं.

आता दिवस. हे लक्ष्मीपूजनाच्या रात्री म्हणायचं नाही. त्यांचं वर्ष बदलतं कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे आपल्या पाडव्याला. त्याला ते ‘बेसतुं वरस’ म्हणतात, बसणारं वर्ष. आपला शक चैत्रात बदलतो, गुजरातचा विक्रम संवत कार्तिकात. गेल्या, म्हणजे 2025च्या दिवाळीत 22 ऑक्टोबरला संवत 2082 लागलं. पण इथे लक्ष्मीपूजन बहुतेकांनी 20 तारखेलाच केलं होतं. मधला 21 रिकामा. अशा रिकाम्या दिवसाला ‘धोको’ म्हणतात. त्या दिवशी दार वाजवलंस तर बा गोड बोलतील, पण नवीन वर्ष अजून लागलेलं नसेल. म्हणून आधी पाडव्याची तारीख बघ.

आणि सकाळी लवकर जा. इथे त्या दिवशी उजाडायच्या आत ‘सबरस’ म्हणून ओरडत मीठ विकणारे येतात, लोक शकुनाचं म्हणून घेतात. दहापर्यंत घर पाहुण्यांनी भरतं. बा वयानं मोठ्या, तेव्हा आधी वाक, मग ओळ म्हण. त्या ‘तने पण साल मुबारक, बेटा’ म्हणतील. त्यांनी तुला ‘तने’ म्हटलेलं चालतं, उलट बरं वाटतं. मग मठिया-घुघरांची ताटली पुढे येईल. एक तरी उचल, नाहीतर पुन्हा पुन्हा ‘लो ने’ ऐकावं लागेल.

वहिनींना नमस्कार. कशी झाली भेट ते लिही.

तुझा,
नंदू